चुकीच्या भीतीने कोरी राहिलेली पाने

दहावीच्या पूर्वपरीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत होतो. मराठीची पत्रिका ८० गुणांची आणि वेळ ३ तासांचा. एका मुलीची उत्तरपत्रिका हातात आली तेव्हा वाटले, पुरवणी कुठे तरी गळून पडली असावी. पहिली पाने मोत्यासारख्या अक्षरांत लिहिलेली होती. त्यानंतर निबंध नाही, पत्र नाही, बातमी नाही. ५२ गुणांचे प्रश्न लिहिले होते आणि त्यांत तिला ४५ गुण पडले. उरलेल्या २८ गुणांची पाने कोरी होती.

ही मुलगी आळशी असती, तर हा लेख लिहायचे कारण नव्हते. धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या या तालुक्याच्या गावात तिच्याइतकी नेटकी वही आम्ही क्वचितच पाहिली आहे. घरी उर्दू आणि शाळेतही उर्दू असल्यामुळे मराठी तिला कष्टाने शिकावी लागली, तरी वर्गात विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तिला नेहमी येत असे. मग परीक्षेत ती अर्ध्या वाटेत का थांबली?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिला बोलावले आणि चार गुणांचा एक प्रश्न समोर बसून लिहायला सांगितला. आम्ही फक्त घड्याळ पाहत होतो. त्या एका उत्तराला २१ मिनिटे लागली. प्रत्यक्ष पेन चालला तो सुमारे ७ मिनिटे. बाकीच्या १४ मिनिटांत ती मागे जात होती. एक ओळ लिहायची, ती पहिल्या शब्दापासून वाचायची, ‘आणि’मधला ‘णि’ ऱ्हस्व आहे का पाहायचे, पुढची ओळ लिहायची आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सगळे वाचायचे. एका शब्दावर शंका आली की तो खोडायचा, खोडलेला दिसतो म्हणून सगळी ओळ खोडायची, आणि पान घाण झाले म्हणून नवे पान घ्यायचे. मध्ये दोनदा तिने विचारले, “टीचर, हे बरोबर आहे ना?”

उर्दू शाळेतल्या मुलांची ही अडचण आम्हाला चांगली ठाऊक आहे. उर्दूत ‘ज़’च्या आवाजाला ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोए अशी चार अक्षरे, ‘स’ला से, सीन आणि साद अशी तीन. कान मदत करत नाही, शब्द पाठच असावा लागतो. मराठीत आले की ऱ्हस्व-दीर्घाची तशीच गत. ‘पाणी’ दीर्घ आणि ‘आणि’ ऱ्हस्व, हे ऐकून कळत नाही. त्यामुळे या मुलांनी थोडे सावध असणे साहजिक आहे. पण सावधपणाला कुठे तरी शेवट असतो. माणूस एकदा पाहतो, समाधान होते आणि तो पुढे जातो. या मुलीचे समाधान होत नव्हते. ती जितके जास्त पाही, तितकी तिची शंका वाढत होती.

हे उलटे वाटते, पण असेच घडते. नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ मार्सेल व्हॅन डेन हाऊट आणि मेरेल किंड्ट यांनी २००३ मध्ये याविषयीचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी विद्यार्थ्यांना संगणकाच्या पडद्यावर गॅसची शेगडी दाखवली. बटणे चालू करायची, बंद करायची आणि नीट बंद झाली का ते तपासायचे. काहींना शेगडीच पुन्हा पुन्हा तपासायला लावली, तर काहींना मधल्या वेळात शेगडीऐवजी दिवे तपासायला दिले. शेवटी दोघांनाही विचारले, “शेवटच्या वेळी शेगडीची कोणती बटणे तपासलीत?” दोन्ही गटांची उत्तरे जवळपास सारखीच बरोबर होती. फरक वेगळ्याच ठिकाणी पडला. ज्यांनी शेगडी पुन्हा पुन्हा तपासली होती, त्यांना ते दृश्य धूसर आठवत होते आणि स्वतःच्या आठवणीवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

म्हणजे तपासण्याने आठवण चुकीची झाली नाही, फक्त तिच्यावरचा विश्वास गेला. कारण सोपे आहे. तीच गोष्ट विसाव्यांदा पाहताना नजर फिरते, पण मन लक्ष देऊन पाहत नाही. सगळ्या वेळा एकमेकींत मिसळून जातात. मग ‘पाहिले खरे, पण नीट पाहिले का?’ हा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर शोधायला माणूस एकविसाव्यांदा पाहतो.

शब्दांच्या बाबतीत हे घरी करून पाहता येईल. कोणताही साधा शब्द घ्या, ‘पुस्तक’ म्हणा. त्याच्याकडे दोन मिनिटे टक लावून पाहा किंवा तो सलग तीस वेळा लिहा. थोड्या वेळाने तो शब्द परका दिसू लागतो आणि ‘असाच लिहितात ना?’ असे वाटू लागते. आमची विद्यार्थिनी ‘आणि’कडे इतका वेळ पाहत होती की बरोबर लिहिलेला ‘आणि’ही तिला चुकलेला दिसायचा. तिने खोडलेले शब्द आम्ही मोजले. चार गुणांच्या त्या उत्तरात ९ शब्द खोडून पुन्हा लिहिले होते. त्यांतले ६ आधीच बरोबर होते, आणि त्यांतला एक तिने बरोबर असताना चुकीचा करून ठेवला होता.

ही भीती आली कुठून, हे शोधताना आम्हाला स्वतःकडेही पाहावे लागले. तिच्या आठवीच्या वह्या घरी जपून ठेवलेल्या होत्या. त्यांत आमचीच लाल शाई होती. प्रत्येक चुकीभोवती गोल, बाजूला ‘निष्काळजीपणा’ असा शेरा आणि चुकलेला शब्द दहा वेळा लिहिण्याची शिक्षा. एका पानावर ६ गोल होते आणि १०० हून अधिक बरोबर शब्दांबद्दल एक अक्षरही नव्हते. सगळ्याच मुलांना आम्ही असे तपासत होतो. बहुतेक मुले गोल पाहून वही मिटत आणि खेळायला जात. ही मुलगी प्रत्येक गोल घरी घेऊन गेली. दोष केवळ लाल शाईचा असता, तर सगळा वर्गच अडकला असता. स्वभावाचा वाटा असतोच. पण त्या स्वभावाला खतपाणी आम्ही घातले, हे नाकारता येणार नाही.

तिच्या अम्मीला भेटायला बोलावले. परीक्षेचे बोलणे चालू असताना त्यांनी सहज सांगितले, “टीचर, इसका वुजूच खत्म नहीं होता.” मनगट ओले झाले का, कोपर राहिला का, या शंकेने मुलगी अर्धा अर्धा तास नळाशी असायची. आमच्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, त्यामुळे घरात त्यावरून रोज कटकट होई. मग घाईने वुजू करून ती नमाजला उभी राही आणि किती रकात झाल्या या शंकेने ती पुन्हा सुरू करी. वहीतली आणि नळाखालची अडचण एकच आहे, हे तोवर कुणाच्या लक्षात आले नव्हते.

आपल्याकडे याला जुने नाव आहे, वसवसा. नवव्या-दहाव्या शतकातले बल्खचे विद्वान अबू ज़ैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन यांच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. त्यात मनाच्या त्रासांचे चार प्रकार सांगताना त्यांनी राग, दुःख आणि भीती यांच्यासोबत वसवसा वेगळा मांडला आहे. पाठ सोडत नाही असा हा विचार म्हणजे एक त्रास आहे आणि त्यावर इलाज करायचा असतो, असे त्यांनी हजार वर्षांपूर्वी ओळखले होते.

फिकहमध्येही यासाठी नियम आहे. यकीन शंकेने जात नाही, हे त्याचे मूळ. वुजू पूर्ण झाल्याचे ठाऊक आहे आणि तो तुटल्याची केवळ शंका आहे, तर वुजू कायम आहे. सलाम फेरल्यानंतर आलेली शंका धरायची नाही. नमाजमध्ये रकातींची शंका क्वचितच येणाऱ्याने नमाज पुन्हा पढावी. पण ज्याला ती वारंवार येते, त्याने हनफी मस्लकाप्रमाणे मन जिकडे झुकते तो आकडा धरावा, काहीच ठरत नसेल तर कमी आकडा धरून पुढे जावे आणि शेवटी सजदा-ए-सहव करावा. यातली बारकाई पाहण्यासारखी आहे. ज्याला शंका जास्त येतात, त्याच्यासाठी नियम अधिक कडक केलेला नाही. त्याला पुन्हा सुरुवात करायला न लावता पुढे नेले आहे, आणि चूक राहिली असेल तर तिची भरपाई शेवटी, एकदाच, दोन सजद्यांत ठेवली आहे.

गावातल्या मौलानांनी मुलीला हेच समजावले आणि प्रत्येक अवयव तीन वेळा धुवून नळ बंद करायला सांगितले. आम्हाला त्यातून उत्तरपत्रिकेची वाट दिसली. मानसोपचारातही याच धर्तीची पद्धत वापरतात. भीती वाटेल ते काम करायचे आणि भीती घालवण्यासाठी जे पुन्हा पुन्हा केले जाते ते मात्र करायचे नाही. सुरुवातीला बेचैनी वाढते. तरीही तपासले नाही, तर ती काही वेळाने आपोआप उतरते, आणि न तपासताही काही बिघडत नाही हे मनाला अनुभवाने कळते. केवळ समजावून सांगितल्याने ते कळत नाही.

आधी हिशेब मांडला. ८० गुणांना १८० मिनिटे, म्हणजे एका गुणाला सव्वादोन मिनिटे. आम्ही तिला एका गुणाला २ मिनिटे दिली. त्यात १६० मिनिटांत पत्रिका संपते आणि तपासायला शेवटची २० मिनिटे उरतात. तपासणी बंद केलेली नाही, तिला एक जागा दिली आहे, हे ऐकून मुलीला जरा धीर आला. तपासणी शेवटी ठेवण्याला दुसरेही कारण होते. नुकतेच लिहिलेले वाचताना आपण कागदावरचे वाचत नाही, मनात जे लिहायचे होते तेच वाचतो. थोडा वेळ गेला की आपलीच चूक दुसऱ्याच्या चुकीसारखी स्पष्ट दिसते.

मग एक तुलना केली. पहिल्या दिवशी तिने आठ गुणांचा निबंध तिच्या पद्धतीने लिहिला. त्याला ४३ मिनिटे लागली आणि ४ चुका निघाल्या. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या विषयावर तेवढाच निबंध मागे न वळता लिहायचा आणि शेवटी एकदाच वाचायचा, असे ठरले. लिहिण्याआधी विचारले, “किती चुका होतील?” ती म्हणाली, “चाळीस तरी.” निबंध १८ मिनिटांत झाला. चुका निघाल्या ६. पहिल्या निबंधाला आम्ही साडेसहा गुण दिले, दुसऱ्याला सहा. दोन्ही कागद शेजारी ठेवून तिलाच हिशेब करायला लावला. २५ मिनिटे जास्त घालून दोन चुका आणि अर्धा गुण वाचला होता. त्याच २५ मिनिटांत पत्रिकेतले ११ गुणांचे प्रश्न लिहून झाले असते. आमच्या चार उपदेशांनी जे झाले नसते, ते या दोन कागदांनी केले.

त्यानंतर रोज एक उत्तर, असा चार आठवड्यांचा सराव चालला. नियम थोडेच होते. उत्तर सुरू करताना कोपऱ्यात वेळ लिहायची. शब्द खोडायचा तर एक आडवी रेघ, आणि तोही फक्त एकदा. पान बदलायचे नाही. एखाद्या शब्दाची शंका आली, तर शेवटच्या पानावर पान क्रमांक आणि तो शब्द टिपायचा आणि पुढे जायचे. ही झाली शंकेची यादी. उत्तर संपल्यावर त्या यादीतले शब्द एकदा पाहायचे. दोन पर्यायांत ठरत नसेल, तर पहिला लिहिलेला तसाच ठेवायचा.

यात काय बिघडते, तेही दिसले. पहिल्याच दिवशी तिने यादीत ३१ शब्द लिहिले. तपासणीने कागदावरून उठून यादीत घर केले होते. म्हणून यादीला मर्यादा घातली, एका उत्तराला ३ शब्द. चौथा आठवला तर तो सोडून द्यायचा. दुसऱ्या आठवड्यात यादी रिकामी दिसू लागली, पण वेळ काही घटेना. तेव्हा ध्यानात आले की ती आता ओठ हलवत मनातल्या मनात वाक्य तपासते आहे. यावर उपाय म्हणून पेन थांबवायचा नाही असे ठरले, मग अक्षर थोडे वाकडे आले तरी चालेल. शेवटच्या आठवड्यात यादीच काढून टाकली, नाही तर तिचीही कुबडी झाली असती.

सगळ्यात कठीण नियम आमच्यासाठी आणि तिच्या अम्मीसाठी होता. “हे बरोबर आहे ना?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणायचे नाही. ‘हो’ म्हटले की मुलीला दोन मिनिटे बरे वाटते आणि पुढच्या ओळीला ती पुन्हा विचारते. दुसऱ्याकडून करून घेतलेली तीही तपासणीच असते. त्याऐवजी आम्ही म्हणायचो, “तुला शंका आली आहे. शेवटी पाहू.” अम्मी घरी वुजूच्या वेळी हेच म्हणत. पहिल्या आठवड्यात मुलगी दोनदा रडली आणि एकदा वही टाकून उठून गेली. अम्मीचा जीव कासावीस झाला, पण त्या नियमावर टिकल्या.

तिसऱ्या आठवड्यात आणखी एक अवघड काम दिले. एका पानात मुद्दाम एक चूक करायची, ती तशीच ठेवायची आणि वही आमच्याकडे द्यायची. तिने ‘पाणि’ असे ऱ्हस्व लिहिले. वही देताना हात थरथरत होता. आम्ही ती वही दुसऱ्या दिवसापर्यंत उघडली नाही. सकाळी विचारले, “रात्री काय झाले?” ती म्हणाली, “झोपेपर्यंत तेच आठवत होते. फज्रला उठले तेव्हा विसरले होते.”

आमची लाल शाईही बदलली. आता पानावर जास्तीत जास्त तीन चुकांना खूण करतो, त्याही अशा, ज्या पुन्हा पुन्हा होतात. दहा वेळा लिहिण्याची शिक्षा बंद केली. पानाखाली लिहिलेल्या प्रश्नांची संख्या आणि लागलेला वेळ लिहितो, म्हणजे मुलांच्या नजरेसमोर पूर्ण झालेले कामही राहते.

प्रत्येक मूल शाळेच्या सरावाने मोकळे होईल, असे मात्र समजू नये. धुणे, तपासणे, मोजणे, पुन्हा सुरू करणे यांत दिवसाचा तासाहून अधिक वेळ जात असेल, हातांची कातडी सोलवटली असेल, मूल शाळा टाळू लागले असेल किंवा न तपासल्यास कुणाचे तरी वाईट होईल अशी धास्ती त्याला वाटत असेल, तर तो आजार असू शकतो. इंग्रजीत त्याला ओसीडी म्हणतात. त्यावर वर सांगितलेल्या धर्तीचा पण पद्धतशीर मानसोपचार आहे आणि गरज पडल्यास औषधेही आहेत. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येते. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येते. आमच्या मुलीच्या अम्मीने तिथे फोन केला आणि त्यांच्या सल्ल्याने ती एकदा डॉक्टरांनाही भेटून आली. वुजूला आता दहा मिनिटे लागतात. अजून जास्तच आहेत, पण नळावरची कटकट थांबली आहे.

बोर्डाच्या परीक्षेआधी शेवटची सराव पत्रिका घेतली. पूर्ण ८० गुण, ३ तास. शेवटच्या घंटेला तिने पेन ठेवला तेव्हा ७६ गुणांचे प्रश्न लिहून झाले होते. निबंध होता, पत्र होते, बातमीही होती. पानांवर कुठे कुठे आडव्या रेघा होत्या आणि शेवटची अक्षरे थोडी धावली होती. उत्तरपत्रिका परत देताना तिने निबंधाच्या पानावर बोट ठेवून विचारले, “टीचर, किती चुका?”

“नऊ.”

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, “मी अकरा धरल्या होत्या.” आणि कागद घडी करून दप्तरात ठेवून गेली. त्या नऊ कोणत्या, ते तिने विचारले नाही.